‘मामाने मला जायला सुचवले’ हे इंग्रजीत कसे सांगावे?

प्रश्न : मी शहापूर तालुक्यातल्या किन्हवलीजवळ राहते, बारावीला आहे. म्हशाच्या यात्रेवर निबंध लिहिताना मी ‘माय अंकल सजेस्टेड मी टू गो टू म्हसा’ असे वाक्य लिहिले. सरांनी त्याखाली लाल रेघ ओढली. मी ते ‘सजेस्टेड मी दॅट आय शुड गो’ असे करून दाखवले, तरी रेघ कायम. मग ‘सजेस्टेड टू मी टू गो’ करून पाहिले, तेही नाही. माझा चुलतभाऊ ठाण्याला ऑफिसात असतो. तो म्हणतो, आमच्याकडे सगळे असेच लिहितात, साहेबसुद्धा ‘काइंडली सजेस्ट मी अ डेट’ असे मेलमध्ये लिहितात. ‘ही टोल्ड मी टू गो’ बरोबर आणि ‘ही सजेस्टेड मी टू गो’ चूक, असे का?

उत्तर : सरांची रेघ बरोबर जागी आहे. चुलतभावाचे म्हणणेही खोटे नाही. हे वाक्य आपल्याकडच्या ऑफिसांत रोज लिहिले जाते, वाचणाऱ्याला अर्थ कळतो आणि कुणाचे काम अडत नाही. पण प्रमाण इंग्रजीत, मग ती ब्रिटिश असो वा अमेरिकन, ‘सजेस्ट’ हे क्रियापद असे चालवत नाहीत, आणि परीक्षेत तीच इंग्रजी तपासली जाते. तुमची दुसरी दोन वाक्येही त्याच अडचणीत सापडली आहेत. ती अडचण एकदा दिसली की तिन्ही वाक्ये एकदमच दुरुस्त होतील.

आधी एक गैरसमज दूर करू. ‘सजेस्टनंतर टू लावायचा नाही’ असा नियम पाठ करणारे पुष्कळ विद्यार्थी भेटतात. हा नियम अर्धवट आहे. ‘अंकल सजेस्टेड टू मी दॅट आय शुड गो’ यात ‘टू’ आहे आणि वाक्य निर्दोष आहे. दोष ‘टू’मध्ये नाही. क्रियापदाला लागून जो शब्द येतो, त्यात आहे.

इंग्रजीत ‘सजेस्ट’ला लागून, मधे काहीही न येता, जे येते ते सुचवलेली गोष्ट असते. सुचवले कोणाला, ते तिथे येत नाही. ‘शी सजेस्टेड अ प्लॅन’ म्हणजे तिने एक बेत सुचवला. ‘ही सजेस्टेड अ डॉक्टर’ म्हणजे त्याने एका डॉक्टरचे नाव सुचवले. डॉक्टरला काही सुचवले, असा त्याचा अर्थ कधीच होत नाही. आता ‘डॉक्टर’च्या जागी ‘मी’ ठेवून पाहा (हा इंग्रजीतला ‘मी’, म्हणजे आपला ‘मला’). ‘ही सजेस्टेड मी फॉर कॅप्टन’ हे चांगले इंग्रजी वाक्य आहे आणि त्याचा अर्थ ‘कबड्डीच्या कप्तानपदासाठी त्याने माझे नाव सुचवले’ असा होतो. म्हणून ‘अंकल सजेस्टेड मी’ एवढेच शब्द कानावर पडले की इंग्रजी ज्याची घरची भाषा आहे, त्याला वाटते, मामाने हिचे नाव पुढे केलेले दिसते. कशासाठी बरे? पुढे ‘टू गो’ येते आणि तो अडखळतो. अर्थ लागतो, पण वाक्य मधेच सांधा निखळल्यासारखे वाटते.

‘टेल’चे तसे नाही. ‘टेल’, ‘ॲडव्हाइज’, ‘आस्क’, ‘ऑर्डर’, ‘परस्वेड’ ही क्रियापदे माणसाला थेट कर्म म्हणून घेतात आणि त्या माणसाने काय करायचे ते पुढे ‘टू’ लावून सांगतात. याची एक सोपी परीक्षा आहे. वाक्य कर्मणीत फिरवा आणि माणसाला पुढे आणा. ‘आय वॉज टोल्ड टू गो’, ‘आय वॉज ॲडव्हाइज्ड टू गो’, ‘आय वॉज आस्क्ड टू गो’ ही तिन्ही वाक्ये सरळ उभी राहतात. ‘आय वॉज सजेस्टेड टू गो’ राहत नाही. तिथे ‘इट वॉज सजेस्टेड टू मी दॅट आय गो’ असेच म्हणावे लागते. म्हणजे माणूस कर्त्याच्या जागी बसत नाही, तिथे नुसता ‘इट’ बसतो आणि माणूस ‘टू मी’ होऊन बाजूला उभा राहतो. जो कर्मणीत कर्ता होऊ शकत नाही, तो मुळात त्या क्रियापदाचे थेट कर्म नव्हताच.

यावरून तुमची दोन दुरुस्त वाक्ये का फसली तेही कळेल. ‘सजेस्टेड मी दॅट आय शुड गो’ यातला शेवटचा भाग उत्तम आहे, पण ‘मी’ पुन्हा क्रियापदाला चिकटलेला आहे. तो ‘टू मी’ करा किंवा काढूनच टाका. ‘सजेस्टेड टू मी टू गो’ यात तुम्ही ‘टू मी’ बरोबर केलेत, पण मग सुचवलेली गोष्ट ‘टू गो’ या रूपात ठेवलीत. ‘सजेस्ट’ला ते रूप चालत नाही, माणूस मधे असो वा नसो. ‘ही सजेस्टेड टू गो’ हेही चूकच. प्रत्येक वेळी निम्मी दुरुस्ती झाली, म्हणून रेघ हटली नाही.

आता ही चूक येते कुठून ते पाहू, कारण उपायही तिथेच सापडतो. मराठीत आपण म्हणतो, ‘मामाने मला जायला सांगितले.’ त्याच साच्यात ‘मामाने मला जायला सुचवले’ हेही बसते. ‘मला’ आणि ‘जायला’ जागेवरच राहतात, बदलते ते फक्त शेवटचे क्रियापद. पहिले वाक्य शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत नेले की ‘टोल्ड मी टू गो’ मिळते आणि ते बरोबर ठरते. मग दुसरेही त्याच वाटेने न्यावेसे वाटते. शिवाय मराठीतला ‘मला’ दोन्हीकडचे काम करतो. ‘त्याने मला पाहिले’ यातला ‘मला’ थेट कर्म आहे आणि ‘त्याने मला पुस्तक दिले’ यातला ‘मला’ ज्याला मिळाले तो आहे. रूप एकच असल्यामुळे आपल्या मनात हा भेद उमटतच नाही. इंग्रजीत मात्र ‘सजेस्ट’पाशी नेमका तोच भेद विचारला जातो.

ही चूक फक्त आपल्या मराठी माध्यमाच्या मुलांची आहे, असेही समजू नका. फ्रेंच भाषेत ‘त्याने मला जायला सुचवले’ याच घडणीचे वाक्य शुद्ध धरतात, जर्मनमध्येही ‘मला’ आणि ‘जायला’ घेऊनच ते सांगतात. त्यामुळे फ्रेंच आणि जर्मन विद्यार्थी इंग्रजी शिकताना हेच चुकीचे वाक्य लिहितात. पहिलीपासून इंग्रजी शिकले म्हणून ही चूक टळत नाही, हे आपल्याकडेही दिसते. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून सुरू झाली, त्याआधी मराठी शाळांत ती पाचवीपासून असे. तुमच्या मामाची पिढी आणि तुमची पिढी या वाक्यापाशी सारखीच अडते, कारण दोघांच्याही कानातला साचा मराठीच आहे.

पण मराठीकडे हाच आशय सांगण्याच्या आणखी दोन रीती आहेत, आणि त्या दोन्ही इंग्रजीत जशाच्या तशा चालतात. एक, ‘मी जावे असे मामाने सुचवले.’ दुसरी, ‘मामाने जाण्याचे सुचवले.’ तुम्ही तीन रीतींपैकी नेमकी इंग्रजीत न चालणारी निवडलीत, एवढेच झाले. म्हणून इंग्रजी वाक्य जुळवण्याआधी मराठी वाक्य मनातल्या मनात ‘…जावे असे’ या रूपात फिरवून घ्या. शब्दाला शब्द ठेवायची सवय सोडवत नसेल तर सोडू नका, फक्त ठेवायचे वाक्य बदला.

‘मी जावे असे’ याचे इंग्रजी होते ‘दॅट आय गो’ किंवा ‘दॅट आय शुड गो’. दोन्ही बरोबर. यात एक गंमतशीर साम्य आहे, ते नीट पाहण्यासारखे आहे. मराठीत या ‘जावे’ला विध्यर्थ म्हणतात. घडलेली गोष्ट तो सांगत नाही, घडावी अशी गोष्ट सांगतो. म्हणून कर्ता बदलला तरी तो बदलत नाही. मी जावे, तिने जावे, त्यांनी जावे, मुलांनी जावे, सगळीकडे ‘जावे’च. पुढचे क्रियापद कुठल्याही काळात असले तरी तसेच. तिने जावे असे मामा सुचवतो, तिने जावे असे मामाने सुचवले, तिने जावे असे मामा सुचवेल.

इंग्रजीतला ‘गो’ही इथे अगदी असाच वागतो. ‘अंकल सजेस्ट्स दॅट शी गो’, ‘अंकल सजेस्टेड दॅट शी गो’, ‘अंकल विल सजेस्ट दॅट शी गो’. ‘शी’ असूनही ‘गोज’ झाले नाही आणि भूतकाळ असूनही ‘वेंट’ झाले नाही. शाळेत ‘शी’नंतर ‘एस’ लावायचा हे इतके घोटून घेतलेले असते की ‘शी गो’ लिहिताना हात थांबतो. तेव्हा स्वतःला विचारा, मराठीत इथे ‘जाते’ आहे की ‘जावे’? ‘जावे’ असेल तर मूळ रूप ठेवा. तरीही ‘शी गो’ डोळ्यांना खुपत असेल तर ‘शी शुड गो’ लिहा. परीक्षेत ते सर्वांत निर्धोक आहे. नकारातही तेच. ‘तिने जाऊ नये असे सुचवले’ याचे ‘सजेस्टेड दॅट शी नॉट गो’ किंवा ‘दॅट शी शुड नॉट गो’. ‘डिड नॉट गो’ म्हटले तर ‘गेली नाही’ असा अर्थ होऊन बसतो.

या दोन रूपांमध्ये थोडा देशादेशाचा फरक आहे. नुसते ‘दॅट शी गो’ हे अमेरिकेत अधिक चालते, ब्रिटनमध्ये ‘शुड’ची सवय जास्त. इंग्रजीतले हे जुने विध्यर्थी रूप मरायला टेकले आहे, असे फाउलर या ब्रिटिश शब्दकोशकाराने १९२६ सालच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात म्हटले होते. ते मेले नाही. पुढे अमेरिकन लेखनामुळे ब्रिटनमध्येही ते पुन्हा दिसू लागले. ब्रिटिश लोक कधीकधी ‘सजेस्टेड दॅट शी वेंट’ असेही लिहितात, पण ते तुम्ही उचलू नये असे मला वाटते. त्यातून ‘ती गेली असावी असे त्याने सूचित केले’ असा वेगळाच अर्थ निघू शकतो.

आणि हा वेगळा अर्थ खरोखरच आहे, म्हणून त्याची ओळख इथेच करून घेऊ. ‘सजेस्ट’ म्हणजे नेहमीच सल्ला नव्हे. माहुलीच्या सुळक्यांवर काळे ढग उतरले की आपण म्हणतो, पाऊस येणार असे दिसते. इंग्रजीत ‘द क्लाउड्स सजेस्ट दॅट इट विल रेन’. इथे ढग कुणाला काही करायला सांगत नाहीत, फक्त लक्षण दाखवतात. एक्स-रेवरून हाड मोडल्यासारखे दिसते, यालाही ‘द एक्स-रे सजेस्ट्स दॅट द बोन इज ब्रोकन’ असेच म्हणतात. अशा वाक्यात मराठीतही ‘यावा’, ‘मोडावे’ येत नाही, ‘येणार’, ‘मोडले आहे’ येते. म्हणून इंग्रजीतही ‘शुड’ किंवा मूळ रूप नको, नेहमीचा काळ हवा आणि ‘एस’ही हवा. ‘सजेस्टनंतर कायम शुड’ असे पाठ करणारा विद्यार्थी इथे बरोबर उलटी चूक करतो.

आता दुसरी रीत. ‘जाण्याचे सुचवले’ याचे इंग्रजी ‘सजेस्टेड गोइंग’. यात माणूस येतच नाही, त्यामुळे तो चुकीच्या जागी बसण्याची भीतीही नाही. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. जाणार कोण, हे या रूपात उघडे राहते. ‘अंकल सजेस्टेड गोइंग टू म्हसा’ म्हणजे मामासकट सगळ्यांनी जावे असे असू शकते किंवा फक्त ऐकणाऱ्याने जावे असेही असू शकते. बहुधा वाचणारा सुचवणाऱ्यालाही त्यात धरतो. तुमच्या निबंधात मामा स्वतः बरोबर येणार असेल तर हे रूप फारच छान. मामा घरीच राहणार आणि फक्त तुम्ही जाणार असाल, तर ‘दॅट आय शुड गो’च वापरा. डॉक्टरांनी ‘ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात जाण्याचे सुचवले’ अशा ठिकाणी संदर्भावरूनच कळते की जायचे रुग्णाला आहे, तेव्हा ‘द डॉक्टर सजेस्टेड गोइंग टू ठाणे’ने काही घोटाळा होत नाही.

बारावीला अप्रत्यक्ष कथनाचे प्रश्न तुम्ही सोडवत असाल, त्यात हे सारे तुम्ही नकळत शिकलाच आहात. मामा म्हणाला, ‘लेट्स गो टू म्हसा.’ हे वाक्य फिरवताना ‘अंकल सजेस्टेड दॅट वी शुड गो टू म्हसा’ किंवा ‘सजेस्टेड गोइंग’ असे उत्तर लिहितो. ‘अंकल सजेस्टेड अस टू गो’ असे तिथे कुणी लिहीत नाही, कारण तो साचा घोटलेला असतो. निबंधात मात्र मराठी वाक्य आधी मनात येते आणि साचाही मराठीच येतो. अवतरणचिन्हातले ‘लेट्स’ डोळ्यांसमोर आणले तर निबंधातही हात आपोआप बरोबर वळेल.

उद्या दुसरे एखादे क्रियापद आडवे आले तर स्वतः कसे ताडून पाहायचे, हेही सांगतो. नेहमीचा इंग्रजी-मराठी शब्दकोश यात मदत करत नाही. तो ‘सजेस्ट = सुचवणे’ एवढेच सांगून थांबतो आणि तिथेच फसगत होते. त्यासाठी शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश हवा. हॉर्न्बी नावाचे इंग्रज शिक्षक जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. विद्यार्थ्यांना शब्दांचे अर्थ पाठ असूनही वाक्ये जुळत नाहीत, हे त्यांना रोज दिसे. म्हणून त्यांनी प्रत्येक क्रियापदापुढे ते कोणत्या साच्यात चालते हे दाखवणारा कोश सहकाऱ्यांबरोबर तयार केला. तो १९४२ साली जपानमध्ये छापला गेला आणि पुढे ऑक्सफर्डचा विद्यार्थ्यांचा प्रसिद्ध कोश म्हणून जगभर गेला. अशा कोशात ‘सजेस्ट’ची नोंद उघडली की अर्थाशेजारी ‘समथिंग’, ‘समथिंग टू समबडी’, ‘दॅट’ आणि ‘डुइंग समथिंग’ हे साचे मिळतात. ‘समबडी टू डू समथिंग’ तिथे सापडत नाही. ‘ॲडव्हाइज’ची नोंद उघडा, तिथे तो सापडेल. क्रियापदाच्या नोंदीत पहिले पाहायचे ते हेच.

‘रेकमेंड’ मात्र मधल्या वाटेवर आहे. त्याचा अर्थ ‘सजेस्ट’च्या जवळचा, साचेही बहुतेक तेच. पण ‘वी रेकमेंड यू टू बुक अर्ली’ अशी वाक्ये ब्रिटिश लेखनात आढळतात आणि काही कोश ती मान्यही करतात. म्हणून एखाद्या छापील पत्रकात असे वाक्य दिसले तर ‘सजेस्ट’ही तसेच चालेल, असा निष्कर्ष काढू नका. अर्थ जवळ असला म्हणजे साचा तोच असतो असे नाही. तुमच्या निबंधात मामाने आग्रहाने सल्ला दिला असे म्हणायचे असेल तर ‘ॲडव्हाइज्ड मी टू गो’ लिहिता येईल. पण मग मामा किंचित वडीलधाऱ्या सुरात बोलतो आहे असे वाटेल. पौष पौर्णिमेला म्हशाला बैलांचा बाजार भरतो, तो बघून ये, एवढेच त्याने सहज सुचवले असेल तर ‘सजेस्टेड दॅट आय शुड गो’ हेच शोभेल.

राहिला चुलतभावाच्या साहेबांचा मेल. ‘काइंडली सजेस्ट मी अ डेट’ यातही तोच ‘मी’ क्रियापदाला चिकटला आहे. ‘गिव्ह मी अ डेट’ चालते म्हणून हेही चालावे असे वाटते, पण ‘गिव्ह’ दोन कर्मे शेजारी शेजारी घेते, ‘सजेस्ट’ घेत नाही. ‘एक्सप्लेन’ही घेत नाही, म्हणून ‘एक्सप्लेन मी धिस सम’ हे वाक्यही वर्गावर्गांत चुकते. दुरुस्ती करायला फारसे काही जोडावे लागत नाही. ‘प्लीज सजेस्ट अ डेट’ एवढेच पुरे. मेल ज्याने पाठवला त्यालाच तारीख कळवायची, हे वाचणाऱ्याला ठाऊकच असते. मराठीत आपण ‘कृपया तारीख सुचवा’ एवढेच लिहितो, तिथेही ‘मला’ घालत नाही.